व्हिडिओ कॉलवरचे तोतया अधिकारी : ‘डिजिटल अटक’ ओळखावी कशी

‘डिजिटल अरेस्ट’ नावाची कोणतीही अटक भारताच्या कायद्यात नाही आणि सिंगापूरच्या कायद्यातही नाही. तरीही या नावाखाली शिकलेसवरलेली, जबाबदारीच्या पदांवर असलेली माणसे तासन्‌तास, प्रसंगी अनेक दिवस, स्वतःच्याच घरात भ्रमणध्वनीसमोर बसून राहतात आणि शेवटी आयुष्याची पुंजी अनोळखी खात्यांत भरतात. सिंगापूर पोलीस दलाच्या २०२४ च्या आकडेवारीनुसार सरकारी अधिकाऱ्याचे सोंग घेऊन झालेल्या फसवणुकीची १,५०४ प्रकरणे त्या वर्षात नोंदली गेली आणि त्यांत सुमारे १५ कोटी १३ लाख सिंगापूर डॉलर बुडाले. म्हणजे एका प्रकरणामागे सरासरी एक लाख डॉलर. इतर अनेक ऑनलाइन फसवणुकींत माणूस काहीशे किंवा काही हजार डॉलर गमावतो. या प्रकारात मात्र बहुधा सगळी शिल्लकच जाते.

बुकित तिमाहसारख्या वस्तीत राहणाऱ्या मराठी व्यावसायिकाला हा फोन दोन दिशांनी येऊ शकतो. पलीकडचा माणूस कधी मुंबई पोलीस, सीबीआय किंवा ईडीचा अधिकारी असल्याचे सांगतो, तर कधी सिंगापूर पोलीस किंवा मॉनेटरी ऑथॉरिटी ऑफ सिंगापूर, म्हणजेच ‘मास’चा. दोन्हींतील संवाद वेगळे असले तरी सांगाडा एकच आहे, आणि तो एकदा नीट पाहिला की पुढच्या वेळी लगेच ओळखता येतो.

ओसवाल प्रकरण : एक पूर्ण उदाहरण

हा सांगाडा सर्वांत स्पष्ट दिसतो तो वर्धमान या वस्त्रोद्योग समूहाचे अध्यक्ष एस. पी. ओसवाल यांच्या प्रकरणात. ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस लुधियानातील या ८२ वर्षांच्या उद्योगपतींची ७ कोटी रुपयांची फसवणूक झाली. त्यांनी स्वतः माध्यमांसमोर येऊन घडलेले सांगितल्यामुळे त्यातील पायऱ्या उपलब्ध आहेत.

सुरुवात एका साध्या फोनने झाली. तुमचा दूरध्वनी बंद केला जाणार आहे, अधिक माहितीसाठी ९ दाबा, असे सांगण्यात आले. ९ दाबल्यावर बोलणारा माणूस स्वतःला सीबीआयच्या मुंबईतील कुलाबा कार्यालयाचा म्हणवत होता. ओसवाल यांच्या नावावर कोणीतरी दूरध्वनी क्रमांक घेतला आहे, त्यांच्या नावाने कॅनरा बँकेत खाते उघडले आहे आणि त्या खात्याचा संबंध जेट एअरवेजचे संस्थापक नरेश गोयल यांच्यावरील आर्थिक गैरव्यवहाराच्या खटल्याशी आहे, अशी ही साखळी होती. असे खातेच नाही, असे ओसवाल यांनी सांगितले; पण आपण जेटच्या विमानांतून प्रवास केलेला आहे, तेव्हा कोठेतरी आपली कागदपत्रे गेली असतील, ही शंका त्यांच्या मनात आली. हा तपशील मुद्दाम ध्यानात घेण्यासारखा आहे. फसवणाऱ्याने आरोप सिद्ध केला नव्हता. त्याने वर्तमानपत्रांत गाजलेला खरा खटला उचलला आणि मधली जागा ऐकणाऱ्याला स्वतःच्या आठवणींनी भरू दिली.

मग स्काइपवर व्हिडिओ कॉल सुरू झाला आणि नजरकैदेचे नियम आले. कॅमेऱ्याच्या कक्षेबाहेर जायचे तर परवानगी घ्यायची, कोणाला संदेश पाठवायचा वा फोन करायचा नाही, प्रकरण गुप्त आहे आणि वाच्यता केल्यास शिक्षा होईल. झोपेतही कॅमेरा चालूच होता. पुढच्या टप्प्यावर चक्क सर्वोच्च न्यायालयाची ‘सुनावणी’ झाली. तेव्हाचे सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांचे सोंग घेतलेला एक माणूस बोलत होता आणि हातोडा आपटल्याचा आवाज येत होता. शिक्के व सह्या असलेला आदेश व्हॉट्सॲपवर आला. त्यात रक्कम देखरेखीखालील एका गुप्त खात्यात भरण्यास सांगितले होते. पैसे गेले ते मात्र खासगी खात्यांत. तक्रारीनंतर पोलिसांनी वेगाने हालचाल केली, आसाम व पश्चिम बंगालमधील टोळीचा माग लागला आणि ५ कोटी २५ लाख रुपये गोठवून परत मिळवता आले. एवढी वसुली अशा प्रकरणांत क्वचितच होते.

यातील कोणत्या क्षणी शंका घेता आली असती? गणवेश, शिक्के आणि नावे यांच्याकडे पाहून उत्तर मिळत नाही. ती सगळी बऱ्यापैकी हुबेहूब असतात. उत्तर कार्यपद्धतीत आहे. भारतीय राज्यघटनेच्या अनुच्छेद २२ प्रमाणे अटक झालेल्या व्यक्तीला २४ तासांच्या आत जवळच्या दंडाधिकाऱ्यापुढे उभे करावे लागते. तपासातील संशयित थेट सरन्यायाधीशांपुढे जात नाही. न्यायालयात रक्कम जमा करायची असेल तर ती न्यायालयाच्या निबंधक कार्यालयामार्फत, पावतीसह जमा होते. आणि ‘पडताळणी’साठी एखाद्याची शिल्लक दुसऱ्या खात्यात हलवण्याची गरज कोणत्याही तपास यंत्रणेला पडत नाही. खात्यातील व्यवहार पाहायचे असतील तर ती बँकेकडून उतारे मागवते आणि संशय असेल तर पैसे आहेत तेथेच गोठवते.

कॅमेरा नेमका कोणासाठी

पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचा जो तोतया उभा राहिला, त्याला भाऊंना प्रत्यक्ष ओळखणाऱ्यांसमोर यावे लागले होते. आजच्या तोतयाची ती अडचण संपली आहे. समोरच्याने अधिकाऱ्याला पूर्वी कधी पाहिलेलेच नसते, त्यामुळे चेहरा पटवण्याचा प्रश्नच येत नाही. पाठीमागे राष्ट्रध्वज वा पोलीस दलाचे बोधचिन्ह लावलेली भिंत आणि भाड्याचा गणवेश एवढ्यावर काम भागते.

म्हणूनच व्हिडिओ कॉल हा अधिकाऱ्याचा चेहरा दाखवण्यासाठी असतो, ही समजूत अर्धवट आहे. त्याचा मुख्य उपयोग उलट दिशेचा आहे. फोन धरणारी व्यक्ती काय करते आहे, खोलीत कोण आले, तिने दुसरा फोन हाती घेतला का, हे पलीकडच्याला दिसत राहावे, हा त्यामागचा हेतू असतो. फसवणूक मोडू शकणारी एकच गोष्ट म्हणजे तिसरा माणूस. पत्नी, सहकारी किंवा शेजारी दोन मिनिटे ऐकून ‘हे खोटे आहे’ असे सहज सांगू शकतात, कारण ती भीती त्यांच्या अंगावर आलेली नसते. त्या माणसाला दूर ठेवण्यासाठी कॅमेरा, आणि तोही पुरेसा नसेल म्हणून गुप्ततेची शपथ.

यातून सर्वांत भरवशाचे लक्षण मिळते. कॉल बंद करू नका, कोणाला सांगू नका आणि पैसे हलवा, या तीन मागण्या एकत्र आल्या की पलीकडे अधिकारी नाही. त्यांतील पहिल्या दोन आल्या आणि पैशांचा विषय अजून निघाला नसेल, तरी तो पुढे निघणार असे समजावे. खऱ्या चौकशीत वकिलाला फोन करण्याची इच्छा व्यक्त केल्याने गुन्हा घडत नाही. येथे मात्र तेवढ्या एका वाक्याने आवाज चढतो.

मुंबईहून आलेला फोन, सिंगापुरात

समजा, ब्यूटी वर्ल्ड मेट्रो स्थानकाजवळच्या एखाद्या इमारतीत राहणाऱ्या मराठी अभियंत्याला सकाळी साडेनऊ वाजता फोन येतो. तुमच्या आधारकार्डावर घेतलेल्या सिमकार्डावरून अश्लील संदेश गेले आहेत, अंधेरी पोलीस ठाण्यात गुन्हा दाखल आहे, दोन तासांत हजर राहा. हजर राहणे अर्थातच अशक्य असते, आणि ते अशक्य आहे हेच फोन करणाऱ्याला हवे असते. मग तो ‘सवलत’ म्हणून व्हिडिओवर जबाब नोंदवण्याची तयारी दाखवतो.

येथे थांबून घड्याळ पाहिले तरी बरेच काही कळते. सिंगापूर भारताच्या अडीच तास पुढे आहे. तेथे साडेनऊ म्हणजे मुंबईत सकाळचे सात. त्या वेळी पोलीस ठाणे उघडे असते हे खरे, पण दूरसंचार खात्याचा ‘अधिकारी’, कुरिअर कंपनी आणि सीबीआयचे कार्यालय हे तिघेही सकाळी सात वाजता एकमेकांना फोन जोडून देत आहेत, हे विलक्षणच म्हणावे लागेल.

त्याहून महत्त्वाचा मुद्दा अधिकारक्षेत्राचा. भारतीय पोलिसांना सिंगापूरच्या भूमीवर कोणालाही अटक करता येत नाही. एखाद्याला तपासासाठी बोलवायचे किंवा ताब्यात घ्यायचे झाल्यास ती प्रक्रिया दोन सरकारांमधील औपचारिक मार्गाने, लेखी आणि बऱ्याच संथपणे चालते. दोन तासांत सिंगापूर पोलीस दारात येतील, ही धमकी म्हणूनच पोकळ आहे. भारतातही चौकशीला हजर राहण्याची नोटीस भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ खाली द्यावी लागते, आणि ती व्हॉट्सॲपवरून पाठवणे ग्राह्य नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केले. त्यामुळे व्हॉट्सॲपवर आलेला ‘वॉरंट’चा कागद कितीही ठसठशीत असला, तरी ज्या मार्गाने तो आला त्या मार्गामुळेच तो संशयास्पद ठरतो.

परदेशस्थांच्या बाबतीत आणखी एक नाजूक जागा हेरली जाते. एम्प्लॉयमेंट पास किंवा कायम रहिवासाचा अर्ज चालू असलेल्या माणसाला आपल्या नावावर गुन्हा नोंदला गेल्याची कल्पनाच असह्य वाटते. कंपनीला कळेल, पासाचे नूतनीकरण अडेल, पारपत्र रद्द होईल, अशी भीती फोनवरील माणूस मुद्दाम जागवतो. पारपत्राविषयी शंका असल्यास भारतीय उच्चायुक्तालयाच्या अधिकृत संकेतस्थळावरील क्रमांकावर स्वतः फोन करावा. फोन करणाऱ्याने दिलेला ‘पडताळणी क्रमांक’ त्याच्याच साथीदाराचा असतो.

सिंगापूरची स्थानिक आवृत्ती

स्थानिक प्रकारात पहिला आवाज बहुधा बँकेचा किंवा विमा कंपनीचा असतो. तुमच्या नावाने क्रेडिट कार्ड काढले गेले आहे, असे सांगितले जाते. आपण असे काही काढले नाही, असे म्हटले की तो सहानुभूतीने कॉल ‘मास’च्या किंवा पोलीस दलाच्या अधिकाऱ्याकडे जोडून देतो. पुढे व्हॉट्सॲपवर व्हिडिओ, ओळखपत्र आणि ‘सुरक्षित खात्यात’ पैसे ठेवण्याची सूचना येते. अलीकडे काही प्रकरणांत रोख रक्कम किंवा सोन्याचे दागिने ‘तपासासाठी’ एखाद्या माणसाच्या हाती द्यायला सांगितले जाते.

येथील ओळखखुणा ठोस आहेत. परदेशातून येणाऱ्या प्रत्येक कॉलच्या क्रमांकाआधी सिंगापूरच्या दूरसंचार कंपन्या अधिक चिन्ह लावतात. देशातल्या देशात आलेल्या कॉलवर ते दिसत नाही. म्हणून पडद्यावर +६५ ने सुरू होणारा क्रमांक दिसला, तर तो स्थानिक असल्याची खात्री देत नाही. उलट तो परदेशातून स्थानिक क्रमांकाचे सोंग घेऊन आला आहे, असे समजावे. ज्यांचे परदेशातून फोन येण्याचे कारण नाही, त्यांना असे कॉल बंद करण्याची सोय कंपन्या देतात. मराठी कुटुंबांना ती सहसा परवडत नाही, कारण आईवडिलांचे फोन त्याच वाटेने येतात.

सरकारी खात्यांचे लघुसंदेश जून २०२४ पासून gov.sg या एकाच नावाने येतात. सिंगापूरचे सरकारी अधिकारी फोनवरून पैसे पाठवायला सांगत नाहीत, बँकेच्या खात्याचा पासवर्ड विचारत नाहीत, अधिकृत ॲप-दुकानाबाहेरचे ॲप उतरवायला लावत नाहीत आणि एका खात्यातून दुसऱ्या खात्याच्या पोलिसाकडे कॉल जोडूनही देत नाहीत. यांतील शेवटची गोष्ट फारशी लक्षात ठेवली जात नाही. प्रत्यक्षात फसवणूक तेथूनच पकड घेते.

ओळखपत्राबद्दलही एक सांगायला हवे. सिंगापुरात साध्या वेशातील पोलिसाकडे वॉरंट कार्ड असते आणि ते पाहण्याचा आग्रह नागरिकाने धरण्यात गैर काही नाही. पण तो आग्रह प्रत्यक्ष भेटीत उपयोगाचा आहे. कॅमेऱ्यासमोर धरलेले कार्ड काहीच सिद्ध करत नाही. चौकशी खरी असेल असे वाटत असल्यास कॉल बंद करून बुकित तिमाह नेबरहुड पोलीस सेंटरमध्ये किंवा जवळच्या कोणत्याही केंद्रात स्वतः जाऊन विचारावे. खऱ्या अधिकाऱ्याची त्याला हरकत नसते.

पैसे निघण्याआधीचे अडसर

या फसवणुकीत पैसे चोरले जात नाहीत; खातेदार स्वतः, पूर्ण शुद्धीत ते पाठवतो. त्यामुळे पासवर्ड कितीही बळकट असला तरी त्याचा उपयोग नसतो. उपयोग होतो तो वेळ लावणाऱ्या सोयींचा. नोव्हेंबर २०२३ पासून सिंगापूरच्या मोठ्या बँकांनी खात्यातील काही रक्कम कुलूपबंद ठेवण्याची सोय दिली आहे. ही रक्कम ऑनलाइन हलवता येत नाही आणि कुलूप काढायला आणखी एक पडताळणी लागते. ज्या बचतीला महिनोन्‌महिने हात लागत नाही ती तेथे ठेवणे शहाणपणाचे. शिवाय ऑक्टोबर २०२५ पासून ५०,००० डॉलर वा अधिक शिल्लक असलेल्या खात्यातून २४ तासांत निम्म्याहून अधिक रक्कम निघू लागली, तर प्रमुख बँका तो व्यवहार अडवून किंवा रोखून धरतात.

बँकेच्या कर्मचाऱ्याने फोन करून विचारले तर काय सांगायचे, हे तोतया आधीच पढवून ठेवतो. घरासाठी पैसे पाठवतो आहे, नातेवाइकाच्या उपचाराला हवेत, अशी उत्तरे तयार असतात. बँकेशी खोटे बोलायला सांगणारा अधिकारी हेही लक्षण मोजून ठेवावे असे आहे.

मोहिनी इतकी घट्ट असते की पोलीस समोर आले तरी काहींचा विश्वास बसत नाही. या अनुभवातूनच सिंगापूरच्या संसदेने जानेवारी २०२५ मध्ये एक वेगळा कायदा संमत केला आणि तो १ जुलै २०२५ पासून लागू झाला. समजावूनही एखादी व्यक्ती पैसे पाठवण्यावर ठाम असेल, तर पोलीस तिच्या खात्यांवरील व्यवहार रोखण्याचा आदेश बँकांना देऊ शकतात. हा आदेश सुरुवातीला ३० दिवसांपर्यंत असतो आणि तो शेवटचा उपाय म्हणून वापरला जातो. दैनंदिन खर्चासाठी रक्कम काढण्याची मुभा मागता येते. पती वा आई तोतयाच्या बोलण्यात पूर्ण अडकले असतील, तर कुटुंबीयांनी पोलिसांकडे जाण्याचे हे एक मोठे कारण आहे.

महाराष्ट्रातील आईवडील

परदेशस्थ मराठी माणसाची जोखीम त्याच्या स्वतःच्या फोनपुरती नसते. मुंबईतील एका ७२ वर्षांच्या व्यावसायिकाकडून ऑगस्ट ते ऑक्टोबर २०२५ या काळात ईडी व सीबीआयच्या नावाने ५८ कोटी रुपये उकळले गेले. सुमारे चाळीस दिवस हे चालले होते. त्याच ऑक्टोबरात अंबाल्याच्या एका वृद्ध दांपत्याच्या तक्रारीवरून सर्वोच्च न्यायालयाने या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली आणि डिसेंबरमध्ये सीबीआयकडे तपास सोपवला. या दांपत्यालाही न्यायालयाचेच बनावट आदेश दाखवण्यात आले होते.

चाळीस दिवसांत मुलांशी बोलणे होत नाही असे नाही. होते, पण वेगळ्या रीतीने होते, आणि फरक बारकाईने ऐकला तर ऐकू येतो. एरवी अर्धा तास बोलणारी आई दोन वाक्यांत फोन ठेवते. व्हिडिओ नको म्हणते. बाबांचा फोन सतत व्यस्त लागतो. मुदतठेव मोडण्याविषयी, सोने गहाण ठेवण्याविषयी आडून प्रश्न येतात. अशा वेळी फोनवर खोदून विचारण्यापेक्षा शेजाऱ्याला किंवा जवळ राहणाऱ्या मावशी-काकांना प्रत्यक्ष घरी पाठवावे आणि त्यांनी खोलीत जाऊन पाहावे. संभाषण ऐकले जात असेल तर आई फोनवर ‘सगळे ठीक आहे’ असेच सांगणार.

कॉल चालू असताना आणि नंतर

कॉल चालू असेल तर उत्तर देत बसण्याची गरज नाही. तो बंद करावा. कॉल तोडणे हा कोणत्याही देशात गुन्हा नाही. सिंगापुरात शंका असल्यास १७९९ या स्कॅमशील्ड मदत क्रमांकावर दिवसरात्र विचारता येते.

पैसे गेले असतील तर क्रम महत्त्वाचा ठरतो. आधी बँक, मग पोलीस. बँकेच्या आपत्कालीन क्रमांकावरून खाती गोठवून घ्यावीत आणि लगेच पोलिसांत तक्रार नोंदवावी. रक्कम पहिल्या खात्यातून पुढच्या पाच-दहा खात्यांत वाटली जाण्याआधीची वेळ फार थोडी असते आणि ओसवाल यांच्या प्रकरणात जी वसुली झाली ती पैसे बाहेर काढण्याआधी खाती गोठल्यामुळेच. भारतातील खात्यातून पैसे गेले असतील तर १९३० हा क्रमांक आहे. तो भारतातील लघुक्रमांक असल्याने आईवडिलांनी किंवा तेथील नातेवाइकाने तेथूनच लावावा. सिंगापुरात बसलेल्याला cybercrime.gov.in वर तक्रार भरता येते. गप्पांच्या खिडक्या, कागदांची छायाचित्रे, खाते क्रमांक आणि व्यवहाराचे संदर्भ लज्जेपोटी पुसून टाकू नयेत. तपासाला धागा मिळतो तो त्यांतूनच.

तक्रारीनंतर काही आठवड्यांनी आणखी एक फोन येण्याची शक्यता असते. या वेळी पलीकडे वकील किंवा सायबर पोलीस असतो. बुडालेली रक्कम सापडली आहे, ती सोडवण्यासाठी शुल्क किंवा कर भरावा लागेल, असे तो सांगतो. फसलेल्यांची नावे व रकमा याच टोळ्यांकडे असतात, त्यामुळे त्याला नेमका आकडाही ठाऊक असतो. जप्त झालेली रक्कम परत करण्याची प्रक्रिया न्यायालयामार्फत होते आणि त्यासाठी तक्रारदाराने कोणाच्याही खात्यात आगाऊ पैसे भरायचे नसतात.